फोटोवरून खरा माल खोटा ठरवला गेला तर दुकानदाराने काय करावं? तुमचे अनुभव लिहा

लालबागवाला: आमचं छोटं सराफी दुकान आहे, वडिलांपासूनचं. मागच्या महिन्यात ४ ग्रॅमची अंगठी विकली, त्या ताईंनी फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि कुणीतरी फोटो झूम करून एचयूआयडी BIS Care ॲपमध्ये टाकला तर रेकॉर्डच सापडेना, झालं, "हॉलमार्क बनावट आहे". दोन दिवस झोप नाही. तुम्ही काय केलंत अशा वेळी?

झवेरीबाजार_१२: हॉलमार्किंग सेंटरला आठ वर्षं होतो. एचयूआयडीची सहा अक्षरं लेझरने अगदी बारीक कोरतात, अंगठीच्या आतल्या गोलाईवर उजेड पडला की फोटोत B चा 8 दिसतो, S चा 5. एक अक्षर चुकलं तरी ॲपला काही सापडत नाही. फोटोवर वाद घालू नका, ताईंना अंगठीसकट बोलवा, दहापट भिंग त्यांच्याच हातात द्या, कोड त्यांनीच वाचून स्वतःच्या फोनवर टाकायचा. आणि नुसता कोड सापडला म्हणजे झालं असं नाही, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळतेय का तेही बघा, कारण खरा कोड दुसऱ्या दागिन्यावर कोरायची लबाडीही होते.

मीनल_ठाणे: एवढं कशाला, कसोटीवर घासून दाखवा की.

झवेरीबाजार_१२: ताई, कसाने अंदाज येतो, पण ज्याचा विश्वास उडालाय त्याला तुमच्याच दुकानातला कस पटणार नाही. मशीनवरची तपासणीही फक्त वरचा थर बघते. पक्कं उत्तर सेंटरला सोनं वितळवून केलेल्या परीक्षेत मिळतं, पण त्यासाठी दागिन्याचा तुकडा काढावा लागतो, म्हणून आधी गिऱ्हाइकाची लेखी परवानगी घ्या आणि वजन दोघांच्या सहीने लिहा, नाहीतर उद्या सोनं कमी झालं म्हणून नवीन भांडण.

सुनंदाकाकू: माझ्या २०१५ च्या पाटल्यांवर असा कोडच नाही, सून म्हणते खोट्या आहेत, मी काय करू?

झवेरीबाजार_१२: काकू, सहा अक्षरी कोड २०२१ पासून आला. तुमच्यावर बीआयएसचं चिन्ह, 916, सेंटरची आणि सराफाची खूण असेल, भिंगातून बघा.

दादरकर_साडी: आमच्याकडे पैठणीचं असंच झालं, फोटोत चमक जास्त दिसली म्हणून पॉलिस्टर म्हणाले. आम्ही गिऱ्हाइकासमोर पदराच्या दशीतला एक धागा जाळला, केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली. पण जरीचं काय, ते यातून कळत नाहीच.

लालबागवाला: काल ताई आल्या. भिंगातून बघितलं तर तिसरं अक्षर B होतं, ॲपमध्ये अंगठी आणि 22K916 दोन्ही जुळलं, त्यांनी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकलाय. पण ज्याने पहिल्यांदा बनावट म्हटलं तो गप्पच आहे आणि त्याचा मेसेज तसाच फिरतोय, आमच्या गल्लीतल्या दोघांनी तो पुढे पाठवला. आता त्यांच्या घरी जाऊन सांगू की राहू देऊ?