पीएफके हाच ग्लायकोलिसिसचा एकमेव लगाम? मला पटत नाही

टीवाय_म्हापसा
टीवाय बीएस्सीला आहे. सर शिकवतात की ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या असल्या तरी लगाम एकच, तिसऱ्या पायरीवरचं पीएफके. मला दोन गोष्टी पटत नाहीत. जे एन्झाईम स्वतः एटीपी वापरतं तेच एटीपी वाढलं की बंद कसं पडतं? आणि साखर अडवायचीच तर पहिल्या पायरीवर हेक्सोकायनेजलाच का नाही अडवत? मला वाटतं एक लगाम हे फक्त परीक्षेपुरतं आहे. तुमचं मत सांगा.

फोंड्याची बायोकेम बाई
तुझे सर बरोबर आहेत, आणि तुझे दोन्ही प्रश्नही चांगले आहेत. पीएफकेवर एटीपी बसायला दोन जागा असतात. एक कामाची, तिथला एटीपी फॉस्फेट देऊन जातो, आणि ती जागा थोड्याशा एटीपीवरही भरते. दुसरी जागा वेगळी, ती एटीपी भरपूर असला की भरते आणि मग एन्झाईमची फ्रुक्टोज-६-फॉस्फेटवरची पकड ढिली होते. म्हणजे पेशीत कामापुरता एटीपी जवळजवळ नेहमीच असतो, दुसरी जागा फक्त भरलंय का ते बघते.

पण खरी गंमत एएमपीची. समज स्नायूत एटीपी ५ मिलिमोलर आहे आणि एएमपी ०.१. एटीपी ४.५ वर आला, म्हणजे फक्त १० टक्के कमी झाला, तर तेवढ्यात एएमपी ०.६ च्या आसपास जातो, कारण दोन एडीपी एकत्र येऊन एक एटीपी आणि एक एएमपी बनवणारं एन्झाईम सतत चालू असतं. एटीपीमधला फरक पेशीला जेमतेम कळेल, पण एएमपी सहापट झालेला लगेच कळतो आणि तोच एटीपीचा ब्रेक सोडवतो.

आता हेक्सोकायनेज. ग्लुकोज-६-फॉस्फेटला पुढे तीन वाटा आहेत, ग्लायकोजेनकडे जाते, पेंटोजकडे जाते आणि खाली ग्लायकोलिसिसमध्ये जाते. पहिल्याच पायरीवर दार लावलं तर तिन्ही बंद. तिसऱ्या पायरीनंतर मात्र कार्बन खालीच जाणार, म्हणून अडवायची जागा ती. आणि पीएफके थांबलं की फ्रुक्टोज-६-फॉस्फेट साठतं, दुसरी पायरी उलटसुलट दोन्हीकडे चालते म्हणून ते मागे फिरून ग्लुकोज-६-फॉस्फेट होतं, आणि स्नायूत तेच हेक्सोकायनेजला थांबवतं. म्हणजे पहिली पायरीही अडते, फक्त तिसरीच्या सांगण्यावरून.

नीटवाला_मडगाव
सोपं आहे रे, उगाच लांबवू नका. पहिल्या पाच पायऱ्या म्हणजे गुंतवणूक, दोन एटीपी गेले. पुढच्या पाच वसुली, चार आले, निव्वळ दोन. वसुलीवाला भाग आपोआप चालतो, त्याला कंट्रोल लागत नाही. आणि पीएफके सगळ्यात स्लो आहे म्हणून तेच डबल केलं की पूर्ण पाथवे डबल. एवढंच लिहा, मार्क मिळतात.

दोनापावला_यीस्ट
हिशोब बरोबर, पण बाकी दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पहिलं, वसुलीच्या भागातही पायरुवेट कायनेजवर कंट्रोल असतो, वर फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट वाढलं की ते जोरात चालतं.

दुसरं, डबल केलं की डबल हे लोकांनी खरंच करून बघितलंय. १९८९ मध्ये यीस्टमध्ये ग्लायकोलिसिस आणि किण्वनाची आठ एन्झाईम एकेक करून वाढवली, साधारण पावणेचार पटीपासून जवळजवळ चौदा पटीपर्यंत. हेक्सोकायनेज होतं, पीएफके होतं, पायरुवेट कायनेजही. अल्कोहोल बनायचा वेग काही वाढला नाही. पीएफकेकडेच खरोखर सगळा लगाम असता तर निदान त्याचं एन्झाईम वाढवल्यावर तरी वाढायला हवा होता ना. म्हणून म्हणते, बाईंनी सांगितलेली रचना खरी आहे, पण त्यावरून वेग तिथेच ठरतो हे निघत नाही. आत साखर किती येते आणि पेशी एटीपी किती वापरते हेही वेग ठरवतं.

आणि अडवायची जागा तिसरीच, हेही सगळीकडे लागू नाही. यीस्टच्या हेक्सोकायनेजला ग्लुकोज-६-फॉस्फेट थांबवतच नाही, त्याला थांबवतं ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट. ते बनवणारं जीन काढून टाकलं तर अशी पेशी गॅलॅक्टोजवर मस्त वाढते, कारण गॅलॅक्टोज हेक्सोकायनेजमधून येत नाही. पण तिला ग्लुकोज द्या आणि बघा. वरचा अर्धा भाग सुसाट सुटतो, एटीपी खर्च होत राहतो, फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट साठत जातं आणि पेशीतला सुटा फॉस्फेट त्यातच अडकून बसतो. आता सहावी पायरी आठवा, तिथे साखरेवर दुसरा फॉस्फेट चढतो तो एटीपीमधून नाही तर सुट्या फॉस्फेटमधून. तो संपला की सहावी अडली, सहावी अडली की सातवीतला एटीपी मिळत नाही, म्हणजे गुंतवणूक झाली आणि वसुली ठप्प. ग्लुकोजने भरलेल्या पाण्यात पेशी उपाशी पडते.

या वेळी पीएफके काय करतं? एटीपी कमी, एएमपी जास्त, म्हणून ते आणखी उघडतं. जे त्याचं नेहमीचं शहाणपण तेच इथे उलट पडतं. आणि २०१४ च्या कामात तर असं दिसलं की जीन शाबूत असलेल्या साध्या यीस्टमधल्याही थोड्या पेशी अचानक ग्लुकोज मिळालं की याच गर्तेत अडकतात. का थोड्याच अडकतात आणि बाकीच्या सुटतात, ते त्या क्षणी आत किती फॉस्फेट आणि एटीपी होतं यावर अवलंबून असावं.

सत्तरीचा_काजूवाला
मग मी काय करू ते सांगा. आमच्याकडे काजूच्या सीझनला निरो काढतो, दोन-तीन दिवस आंबवतो मग भाटीवर. पीएफके जास्त असलेलं यीस्ट कुठे मिळतं का, एका दिवसात व्हायला? आणि शेवटी शेवटी थोडी गोडी राहते, ती पण जाईल का त्याने?

दोनापावला_यीस्ट
@सत्तरीचा_काजूवाला दादा, त्याच १९८९ च्या प्रयोगावरून सांगते, असं यीस्ट मिळालं तरी एक दिवसात होणार नाही. शिवाय तुमच्या निऱ्यात बाहेरून यीस्ट टाकत नाही ना, बोंडाबरोबर आलेलंच असतं, ते अनेक जातींचं. शेवटी राहते ती गोडी बहुतेक फ्रुक्टोजची. काजूच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात आणि यीस्टचे साखर आत ओढणारे ट्रान्सपोर्टर ग्लुकोज आधी घेतात. दारू वाढली की ते ट्रान्सपोर्टरही मंदावतात. म्हणजे शेवटच्या टप्प्यात तुमचं अडतं ते बहुधा पायरी नंबर शून्यवर, दारातच, पीएफकेपर्यंत गोष्ट जातच नाही.

वाळपईचा_नरेश
विषय थोडा वेगळा पण साखरेचाच म्हणून विचारतो. आईचं उपाशीपोटी रक्त घरी येऊन घेतलं, मुलगा बाइकने आणखी चार घरं करून लॅबला गेला, तीन तास झाले असतील. लॅबने १०४ दिले. त्याच वेळी घरच्या मशीनवर १२६ आलेलं. आईला शुगर आहे की नाही? तुमचा पीएफके इथे कुठे येतो?

लॅबटेक_डिचोली
@वाळपईचा_नरेश तुमचा प्रश्न इथे अगदी फिट बसतो. ट्यूबमधल्या लाल पेशी रक्त काढल्यावरही ग्लायकोलिसिस चालू ठेवतात. साध्या ट्यूबमध्ये, पेशी वेगळ्या न करता, नेहमीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज कमी होतं. १२६ पासून तासाला ६ टक्के धरा, पहिल्या तासाला ११८, मग १११, मग १०४ ते १०५. तुमचा आकडा बरोबर जुळतो, ट्यूब उन्हात फिरली असेल तर आणखीच. पण जुळतो म्हणून सिद्ध होत नाही, कारण घरच्या मशीनमध्येही १५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं.

राखाडी टोपणाची ट्यूब होती का ते विचारा. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. बरेच जण समजतात की ते टाकलं म्हणजे साखर लगेच गोठली. तसं नाही. फ्लोराइड नवव्या पायरीवर, इनोलेजवर बसतं, म्हणजे वसुलीच्या शेवटाजवळ. वरच्या पायऱ्यांना ते हातच लावत नाही, म्हणून पहिल्या तास-दोन तासांत फ्लोराइड असलं काय नि नसलं काय, ग्लुकोज जवळजवळ तेवढंच उतरतं. वर दोन एटीपी जातात, सातव्या पायरीला दोन परत येतात, दहावीचे दोन मिळत नाहीत. हिशोब शून्यावर, आणि पेशीचे पंप तर एटीपी खातच असतात. साठा संपला की हेक्सोकायनेजला द्यायला एटीपी उरत नाही, तेव्हा कुठे साखर घटायची थांबते. त्यानंतर मात्र दोन-तीन दिवस आकडा टिकतो.

म्हणून सिट्रेट बफरवाल्या ट्यूब आल्या. त्या रक्त आंबट करतात आणि हेक्सोकायनेज, पीएफके ही वरची एन्झाईमच पटकन मंदावतात. माझं मत विचाराल तर हाच टीवायच्या प्रश्नाचा पुरावा, खाली ब्रेक मारला तर तास-दोन तास उशीर, वर मारला तर लगेच.

फोंड्याची बायोकेम बाई
लॅबटेक, छान मुद्दा, आणि तो माझ्या बाजूचा आहे. यीस्टवाल्या ताईंना एवढंच सांगते की स्नायू म्हणजे यीस्ट नव्हे. १९६५ मध्ये तारुई यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं त्यात स्नायूतलं पीएफकेच नसतं. जरा जोर लावला की पेटके येतात, ग्लुकोज आत येतं पण पुढे न जाता ग्लायकोजेन म्हणून साचतं. आणि अशा माणसाला व्यायामाआधी गोड दिलं तर तो आणखी लवकर थकतो, कारण साखर वापरता येत नाही आणि साखरेमुळे चरबीतून येणारं इंधनही कमी होतं. बाकी नऊ एन्झाईम तशीच आहेत ना? मग लगाम कुठे आहे?

दोनापावला_यीस्ट
बाई, एखादं एन्झाईम पूर्ण काढलं की पाथवे थांबतो हे दहापैकी कुठल्याही पायरीबद्दल खरं आहे, इनोलेज बंद केल्यावर काय होतं ते आत्ताच वर वाचलं. त्याने गरज सिद्ध होते, वेग कोण ठरवतं ते नाही. त्यासाठी थोडंच कमी किंवा थोडंच जास्त करून बघावं लागतं, १० टक्के, २० टक्के. स्नायूत विश्रांतीला आणि जोरात पळताना उत्तर एकच येईल असं मला वाटत नाही, पळताना एटीपी किती जळतो त्यावर बरंच ठरत असणार.

फोंड्याची बायोकेम बाई
आणि तो एटीपी जळालेला कळतो कुणाला? पीएफकेला, एएमपीमुळे. तुम्ही फिरून माझ्याच दारात आलात.

टीवाय_म्हापसा
मग उत्तरपत्रिकेत काय लिहू? आणि लॅबटेक दादा, ट्यूब आंबट केल्यावर आधी हेक्सोकायनेज थांबतं की पीएफके?

लॅबटेक_डिचोली
दोन्ही मंदावतात, कुठलं आधी हे मी मोजलेलं नाही. पण नरेशभाऊ, तुम्ही आधी हे करा. पुढच्या वेळी आईला लॅबमध्येच न्या, उपाशीपोटी. तिथे नेणं जमत नसेल तर ट्यूब बर्फाच्या पाण्यात ठेवून न्यायला सांगा आणि अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करायला सांगा. दोनदा वेगळ्या दिवशी १२६ किंवा जास्त आलं तर डॉक्टर पुढचं बघतील, आणि सोबत एचबीएवनसी करा, त्याला ट्यूबमधल्या या घसरणीचा फरक पडत नाही.