डिलीट झालेलं वेळेत परत मिळालं का? अनुभव सांगा

मोगरा: आज फोनने आपणहून गेल्या मे महिन्यातले फोटो दाखवले, गच्चीवर आई कुरडया घालतेय, आणि तेव्हाचा सगळा राडा आठवला. फोन हँग होतो म्हणून भाच्याने जूनच्या मध्यात गूगल फोटोजमधून अख्खा मे सिलेक्ट करून उडवला, आम्हाला पत्ता लागला जुलैच्या शेवटी. ट्रॅशमध्ये बघितलं तर फोटो होते! रिस्टोअर केल्यावर जुन्या तारखेला जाऊन बसले. पण व्हिडिओ एकही नाही. एकाच दिवशी उडवलेलं, मग अर्धंच का राहिलं?

भटक्या७: व्हिडिओंचा बॅकअप झालाच नसणार. बॅकअप झालेलं ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतं, न झालेलं 30च. मोबाइल डेटावर बॅकअप बंद असेल आणि घरात वायफाय नसेल तर मोठे व्हिडिओ फोनमध्येच पडून राहतात.

मोगरा: हो की, आईकडे वायफाय नाहीच!! फोटो आमच्याकडे आली तेव्हा गेले असतील.

सोलापुरी चादर: कुरडया गव्हाच्या का तांदळाच्या?

मोगरा: गव्हाच्या, गहू तीन दिवस भिजवून चीक काढून 😄

अनघा_ठाणे: व्हॉट्सॅपलाही 30 दिवस मिळतात ना, मला मागे मेसेज परत मिळाले होते

भटक्या७: नाही ताई, तिथे ट्रॅशच नाही. चुकून डिलीट फॉर मी दाबलं की खाली अनडू येतं, तेही 5 सेकंद. तुम्ही बहुतेक ॲप काढून परत टाकलं आणि बॅकअप घेतला असेल. पण मेसेज उडाल्यानंतर नवा बॅकअप झाला की त्यात तो मेसेज नसतोच, आणि जुना घेतला तर मधले आलेले मेसेज जातात.

अनघा_ठाणे: अगं बाई, नवीन फोन घेतला होता तेव्हाच! बरोबर

पिंट्याची आई: आमच्याकडे आयफोन. सासूबाईंनी नातवाच्या बारशाचे फोटो उडवले, रिसेंटली डिलीटेडमध्ये सापडले पण ते उघडायला चेहरा लागतो आणि त्या नेमक्या गावाला. पासकोड फोनवर विचारला तर म्हणे "तो तुझ्या सासऱ्यांना माहीत", सासरे शेतात. शेवटी मिळाले, प्रत्येक फोटोवर उरलेले दिवस लिहिलेले असतात म्हणून जीव भांड्यात पडला.

रानवारा: इन्स्टावर पोस्ट 30 दिवस पण स्टोरी अर्काइव्हमध्ये नसली तर 24 तासच. माझी दिंडीची स्टोरी गेली ती गेलीच, वारीत रेंज कुठे असते

सोलापुरी चादर: माझे काँटॅक्ट उडालेत, तेही चालेल का इथे?

भटक्या७: गूगल अकाउंटला सेव्ह असतील तर काँटॅक्टच्या ट्रॅशमध्ये बघा, 30 दिवस. सिममधले असतील तर नाही.

मोगरा: व्हिडिओंसाठी दुकानदार रिकव्हरी करून देतो म्हणतोय, कुणी केलंय का?

रानवारा: मी केलेलं, पैसे घेऊन अंगठ्याएवढे धूसर फोटो दिले. व्हिडिओ नाहीच.

पिंट्याची आई: माझ्या दिराला मेमरी कार्डवरचे मिळाले होते ब्वा. कार्ड होतं का तुमच्यात?