अनुभव धागा: लेखकाला प्रश्न विचारला आणि ओळख वाढत गेली

शोधनिबंध किंवा पुस्तक वाचून तुम्ही थेट लेखकाला प्रश्न विचारलाय का? नक्की काय विचारलंत आणि पुढे काय झालं, ते सविस्तर लिहा. नुसतं 'छान अनुभव होता' नको.

पर्जन्यमापक
मी भोर तालुक्यात शिक्षिका आहे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे, रोज नोंद ठेवतो. मुलांना शिकवायचं म्हणून अतिवृष्टीवरचा एक शोधनिबंध वाचत होते. त्यात देशाचे एक अंश बाय एक अंश असे चौकोन पाडले होते, म्हणजे साधारण शंभर-एकशे दहा किलोमीटरची बाजू. एका चौकोनात दिवसाला सरासरी 150 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतितीव्र घटना.

तिथे मी अडले. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंदले गेले आणि कुलाब्याला जेमतेम 73. दोन्ही एकाच मुंबईत! मी लेखकांना इतकंच विचारलं, "असा दिवस तुमच्या चौकोनात किती दिसेल? आणि मग माझ्या शाळेतल्या 150 ला तुमच्या 150 शी ताडून पाहता येईल का?" सोबत आकृतीचा क्रमांक दिला आणि माझा अंदाजही लिहिला, की नाही येणार. सगळं मिळून दहा-बारा ओळी.

उत्तर आलं ते त्यांच्या विद्यार्थिनीचं, कारण आकडेमोड तिने केली होती. अंदाज बरोबर आहे म्हणाली. चौकोनातल्या सगळ्या केंद्रांचा मेळ घातला की 944 पार विरघळून जातं. चौकोनातली केंद्रं मध्येच वाढली किंवा बंद पडली तर पाऊस तोच राहूनही आकडा हलतो, म्हणून त्यांनी सलग नोंदी असलेलीच केंद्रं घेतली होती. शेवटी तिने उलट विचारलं: तुम्ही माप किती वाजता घेता आणि कोणत्या तारखेला टाकता?

आम्ही प्रार्थनेआधी घेतो आणि आदल्या दिवसाच्या रकान्यात लिहितो. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं आणि त्याच दिवसाच्या तारखेला टाकतं. म्हणजे आमची वही सरकारी नोंदीशी जुळवायची तर एक दिवस सरकवून. तिथून पत्रव्यवहार सुरू झाला तो थांबलाच नाही. पुढच्या पावसाळ्यात ती शाळेत आली, पर्जन्यमापकाशेजारचं जांभूळ बघून म्हणाली, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर तरी हवं. आता आम्ही जागा बदललीय आणि दर ऑक्टोबरात तिला वहीचे फोटो पाठवतो.

सह्यवाट
भारी! मीही बऱ्याच जणांना लिहितो, पैसे भरल्याशिवाय न उघडणारे लेख मागायला. दोन ओळी लिहायच्या, पीडीएफ येते. पण नेहमी सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकांनाच लिहावं, बाकीच्यांच्या हातात काही नसतं.

प्रयोगशाळेतून
सह्यवाट, पीडीएफ मागणं चांगलंच, आम्ही आनंदाने पाठवतो. पण धागा त्यापुढचा आहे. ज्येष्ठांचं म्हणाल तर तसं नसतं. पत्रव्यवहारासाठी खूण केलेलं नाव असतं त्याला लिहावं, आणि आमच्या विषयात प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा पहिल्या नावाने केलेलं असतं, म्हणून त्याला प्रत पाठवावी. निबंध जुना असेल तर छापलेला ईमेल बंद पडलेला असतो. माणूस आता कुठल्या संस्थेत आहे ते शोधून तिथल्या पत्त्यावर लिहा.

मला अशी पत्रं येतात. 'तुमच्या विषयाबद्दल मार्गदर्शन करा' याला काय उत्तर देणार? ते पडून राहतं. बाईंच्या प्रश्नात वाचलेलं पान होतं, दुसरीकडचा आकडा होता आणि स्वतःचा अंदाज होता. अशा पत्राला मी त्याच दिवशी चार ओळी लिहितो, कारण मला विचार करायला लागलेला असतो. उत्तर नाही आलं तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच पत्राखाली एकदा आठवण करा. त्यानंतर मात्र सोडून द्या.

गढीवाले
माझं पुस्तकाचं आहे. आमच्या गावच्या गढीबद्दल एका स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात दोन पानं आहेत. बांधकामाचं साल दिलंय, पण ते कुठल्या कागदावरून घेतलं ते नाही. प्रकाशकामार्फत लेखकांना पत्र टाकलं, उत्तर नाही. प्रकाशक म्हणतात पोचवलं. आमच्या घरी मोडीतली एक सनद आहे, तिच्यात वेगळं साल वाचलं गेलंय. आता दुसऱ्या पत्रासोबत तिचा फोटो पाठवावा का? चूक दाखवल्यासारखं वाटेल अशी धास्ती वाटते.

पर्जन्यमापक
पाठवा की! फक्त 'तुमचं साल चुकलंय' असं न लिहिता 'या दोन सालांचा मेळ कसा लावायचा' असं विचारा. सनदेतलं साल गढीचं नसून वतनाचं असू शकतं, ते त्यांनाच सांगता येईल.

मलाही एक विचारायचंय. त्या विद्यार्थिनीच्या नव्या निबंधात आमच्या वहीतले आकडे येणार आहेत. ती म्हणते शाळेचं नाव आभारात टाकते. सहकारी म्हणतात, सहलेखक म्हणून नाव मागा. आकडे आमचे, पण विश्लेषण सगळं तिचं. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

प्रयोगशाळेतून
नुसते आकडे दिले तर बहुधा आभार. मसुदा वाचून निष्कर्षांवर तुमचं म्हणणं मांडलंत तर सहलेखक म्हणता येईल. पण हे प्रत्येक गटात वेगळं ठरतं, आणि आमच्याकडेही यावरून वाद होतात. छापायला जायच्या आत तिच्याशी बोलून घ्या.