मदत हवी आहे: बाबांच्या खात्यातून न केलेले व्यवहार, बँकेला पत्र कसं लिहू?

सायली_क

आज पहाटे बाबांच्या बचत खात्यातून दोन व्यवहार झालेत. दोन्ही त्यांनी केलेले नाहीत. सकाळी ईमेल उघडल्यावर कळलं. आधी २:४० ला नवीन बेनिफिशरी जोडल्याचा मेल, मग २:५२ ला १० रुपये गेल्याचा आणि २:५८ ला ४८,५०० गेल्याचा. ज्या नावावर गेले ते नाव आम्ही कधी ऐकलेलंही नाही.

बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून कार्ड ब्लॉक केलं, तक्रार क्रमांक घेतला. १९३० वरही तक्रार नोंदवली आहे. हेल्पलाइनवर सांगितलं की शाखेत लेखी अर्ज द्या. मी असा मसुदा केलाय:

"माझे वडील तुमचे जुने ग्राहक आहेत. त्यांच्या खात्यातून आज फसवणूक झाली आहे. बहुधा त्यांच्याकडून कुठेतरी ओटीपी दिला गेला असावा. ते ज्येष्ठ नागरिक असल्याने खूप घाबरले आहेत. कृपया आमचे पैसे लवकरात लवकर परत करावेत आणि खाते सुरक्षित करावे ही विनंती. सायली."

यात काय कमी आहे? शाखा उघडायच्या आत नीट करायचंय. आणि हो, बाबांच्या मोबाईलला काल रात्री नऊपासून नेटवर्कच नाहीये. टॉवरचा घोळ असावा. त्यामुळे एसएमएस एकही आला नाही, सगळं मेलवरूनच कळलं.

विनय_ज

चुकीच्या खात्यावर पैसे गेले असतील तर समोरच्याच्या संमतीशिवाय बँक ते परत घेऊ शकत नाही. आमच्या भावाने खाते क्रमांकातला एक आकडा चुकवला होता, महिनाभर खेटे घातले. त्या माणसाचा पत्ता लागला तर आधी त्याच्याशी बोलून बघा.

सायली_क

विनयदादा, बाबांनी पैसे पाठवलेच नाहीत. ते झोपले होते.

मंदार१२

पत्रात एकच वाक्य लिही: "खाते ताबडतोब पूर्ण गोठवा." बाकी सगळं नंतर. आणि ओटीपी टाकून झालेला व्यवहार असेल तर पैशांची आशा सोड. बँक सरळ सांगते की ओटीपी तुमच्या नंबरवर गेला, जबाबदारी तुमची.

निवृत्त_अधिकारी

सायली, तुझ्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटी लिहिली आहेस. नेटवर्क रात्री नऊपासून नाही आणि पहाटे बेनिफिशरी जोडला गेला. घरातल्या बाकीच्यांच्या फोनला, विशेषतः त्याच कंपनीच्या सिमला, नेटवर्क आहे ना? असेल तर हा टॉवरचा घोळ नाही. कोणीतरी बाबांच्या नंबरचं दुसरं सिम काढून घेतलंय असं धरून चाल. तसं झालं की घरातलं सिम मरतं आणि सगळे ओटीपी तिकडे जायला लागतात.

म्हणून शाखेत जायच्या आधी दुसऱ्या फोनवरून मोबाईल कंपनीला फोन कर आणि तो नंबर बंद करायला सांग. सिम बदललं गेलं का आणि किती वाजता, हे त्यांच्याकडून लेखी माग. तो कागद पत्राला जोडायचा. मिळायला वेळ लागला तरी पत्र थांबवू नकोस, मागून देता येईल.

आता मसुदा. पहिलं म्हणजे पत्र बाबांच्या नावाने आणि त्यांच्याच सहीने जायला हवं. खातेदार ते आहेत. तुझ्या सहीच्या कागदावर शाखा खात्याला हात लावणार नाही, आणि लावूही नये. दुसरं, "बहुधा ओटीपी दिला गेला असावा" हे वाक्य आधी काढ. बाबा तसं म्हणालेत का?

सायली_क

नाही काका. मीच अंदाजाने लिहिलं. ते ठामपणे सांगतात की कुणाशी बोलले नाहीत, कुठली लिंक उघडली नाही. आत्ताच बघितलं, आईचं सिम त्याच कंपनीचं आहे आणि तिच्या फोनला नेटवर्क व्यवस्थित आहे. कंपनीला फोन लावते.

निवृत्त_अधिकारी

मग ते वाक्य अजिबात नको. पत्र पुढे चार टेबलांवर फिरतं. पहिल्याच कागदावर खातेदाराने "माझ्याकडून ओटीपी गेला असावा" असं लिहून दिलं, तर पुढे कोणी काही तपासत नाही. जे माहीत आहे तेवढंच वेळेसकट लिहा. कसं झालं असेल ते बँकेला शोधू दे.

मंदार, तुझं अर्धं बरोबर आहे. पण "पूर्ण गोठवा" म्हटलं की जमाही थांबू शकते. बाबांची पेन्शन त्याच खात्यात येत असेल तर ती परत जाईल. मागायचं ते डेबिट फ्रीज, म्हणजे पैसे आत येतील पण बाहेर जाणार नाहीत. त्यात एक अडचण राहते. हप्ता किंवा विम्याचा प्रीमियम या खात्यातून आपोआप जात असेल तर तोही अडकेल, दंड बसेल. तारीख जवळ असेल तर दुसऱ्या खात्यातून भरायची सोय आधीच करा.

आणि "खाते सुरक्षित करावे" या शब्दांवर शाखेतला माणूस काय करेल? कार्ड ब्लॉक झालंय ते बघेल आणि फाईल बंद करेल. पैसे तर कार्डाने गेलेच नाहीत, नेटबँकिंगमधून गेले. तो दरवाजा अजून उघडा आहे. पासवर्ड बदलूनही भागत नाही, कारण बदलायला लागणारा ओटीपी त्या दुसऱ्या सिमवर जातो. म्हणून काय काय बंद करायचं ते नाव घेऊन लिही: नेटबँकिंग, मोबाईल ॲप, यूपीआय, आणि तो नवीन बेनिफिशरी.

अदिती_बॉ

यात नोंदलेली डिव्हाइसेसही घाला. मी अमेरिकेत असते. माझ्या खात्यात असंच कुणीतरी शिरलं होतं. पासवर्ड बदलला, निश्चिंत झाले, पण त्या माणसाच्या फोनवरचं ॲप नोंदलेलंच राहिलं होतं. आठवड्याने परत प्रयत्न झाला. सगळी डिव्हाइसेस काढून टाका असं लेखी दिल्यावर थांबलं.

इथे तोंडी तक्रार केल्यावर दहा कामाच्या दिवसांत ती लेखी द्या असं बँक सांगू शकते, नाहीतर चौकशीच्या काळात तात्पुरते पैसे जमा करण्याचं बंधन तिच्यावर राहत नाही. भारतात कसं आहे?

निवृत्त_अधिकारी

डिव्हाइसचा मुद्दा बरोबर आहे, माझ्याकडून सुटला होता.

भारतात रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याचे नियम घालून दिले. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुठेतरी आहे, अशा व्यवहाराबद्दल बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात दाखवायची. आणि मंदार, त्यातच लिहिलंय की ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करणं बँकेचं काम. ओटीपी टाकला गेला म्हणजे तो बाबांनी टाकला असं होत नाही. बाबांनी खरंच कुणाला दिला असता तर गोष्ट वेगळी. तेव्हा कळवेपर्यंतचं नुकसान त्यांचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणूनच हेल्पलाइनवर किती वाजता कळवलं ते पत्रात हवंच. आपापल्या बँकेचं ग्राहक संरक्षण धोरण संकेतस्थळावर असतं, तेही वाचून घे. नियमांत भर पडत असते.

अजून एक गोष्ट, आणि ही बहुतेक पत्रांत राहून जाते. खात्री करायला बँक नोंदवलेल्या नंबरवरच फोन करते. तो नंबर आज चोराच्या हातात आहे. तो उचलेल आणि म्हणेल, हो, व्यवहार मीच केले.

सायली_क

बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

मोबाईल कंपनीने सांगितलं की काल रात्री ८:५० ला त्या नंबरवर नवीन सिम सुरू झालं. आता बंद केलंय, लेखी मेल पाठवतो म्हणाले. बाबांसोबत बसून नवीन मसुदा केला:

"विषय: मी न केलेल्या दोन व्यवहारांची तक्रार व खात्यातून रक्कम बाहेर जाणे थांबवण्याबाबत.

महोदय, माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार अंक ....) आज पहाटे २:४० वाजता एक बेनिफिशरी जोडला गेला व त्याला २:५२ वाजता १० आणि २:५८ वाजता ४८,५०० या रकमा गेल्या. दोन्हींचे व्यवहार क्रमांक सोबतच्या ईमेलमध्ये आहेत. बेनिफिशरी मी जोडलेला नाही व हे व्यवहार मी केलेले नाहीत. माझा पासवर्ड वा ओटीपी मी कोणालाही दिलेला नाही.

माझा नोंदणीकृत मोबाईल काल रात्री सुमारे ९ पासून बंद आहे. त्या नंबरवर ८:५० वाजता दुसरे सिम सुरू झाल्याचे मोबाईल कंपनीने सांगितले आहे. सिम बदलण्याची विनंती मी केलेली नाही. आज सकाळी ७:२० वाजता आपल्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक ....

कृपया (१) खात्याला डेबिट फ्रीज लावावा, जमा चालू ठेवावी. (२) नेटबँकिंग, मोबाईल ॲप व यूपीआय बंद करावे, नोंदलेली सर्व डिव्हाइसेस व वरील बेनिफिशरी काढून टाकावा. (३) नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवू नये व त्यावरून कोणतीही खात्री करू नये. मी शाखेत स्वतः ओळखपत्रासह हजर आहे. पर्यायी संपर्क .... (४) रक्कम जिथे गेली त्या बँकेला तातडीने कळवून ती तिथे रोखून धरण्यास सांगावे. (५) दोन्ही रकमा माझ्या खात्यात परत जमा कराव्यात व चौकशीचा निर्णय लेखी कळवावा."

निवृत्त_अधिकारी

चांगलं झालंय. १९३० चा पोच क्रमांकही घाल, त्याच्या आधारे चौथ्या मागणीला वेग येतो. पैसे त्या खात्यात फार वेळ थांबत नाहीत, पुढे सरकतात, म्हणून ते पत्र देतानाच तोंडीही सांग. दोन प्रती ने. एका प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय निघू नकोस. वेळ ते सहसा लिहीत नाहीत, लिहायला लाव. तेच पत्र बाबांच्या मेलवरून बँकेच्या तक्रार पत्त्यावरही पाठव. पत्ता संकेतस्थळावरून घे, आलेल्या कुठल्या मेलमधून नको.

मंदार१२

काका, सिमवरून ओटीपी मिळाला हे समजलं. पण नेटबँकिंगचा पासवर्ड त्याला कुठून मिळाला? बँक हाच प्रश्न विचारणार.

निवृत्त_अधिकारी

विचारणारच. ओटीपीवर पासवर्ड नव्याने ठेवता येतो, काही ठिकाणी त्यासाठी कार्डाचे तपशीलही लागतात. पहाटे पासवर्ड रीसेट झाला होता का, आणि लॉगिन कुठल्या डिव्हाइसवरून झालं, ही नोंद बँकेकडे असते. सहावी मागणी म्हणून ती लिहून माग. देतील की नाही ते शाखेवर आहे, पण मागितल्याचं कागदावर राहू दे.

सायली_क

पत्र दिलं, वेळेसकट शिक्का मिळाला. डेबिट फ्रीज समोरच लावला. १० ची रक्कम अजून त्या खात्यात असावी, मोठी रक्कम पुढे गेली आहे असं शाखेतल्या मॅडम म्हणाल्या. पुढची कुठे गेली ते त्या सांगू शकल्या नाहीत. नवीन बेनिफिशरीला सुरुवातीचे काही तास मर्यादा असते असं बँकेच्याच माहितीत लिहिलंय, मग अठरा मिनिटांत ४८,५०० कसे गेले असं मी विचारलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि वर पाठवते म्हणाल्या. यावर कुणाला अनुभव आहे का?