मूळव्याधाचे कोंब हाताने आत ढकलावे लागतात: बँड लावावा की ऑपरेशन करावं?

मेघना: बाबा 58 वर्षांचे आहेत. मूळव्याध जुना. आता शौचाच्या वेळी कोंब बाहेर येतात आणि बोटाने आत सारावे लागतात, रक्तही जातं. एक डॉक्टर रबर बँड लावू म्हणतात, दुसरे थेट ऑपरेशन सांगतात. कुणाचं ऐकायचं? आणि नंतर किती दिवस त्रास होतो?

प्रकाश: बँडच लावा. मला दहा मिनिटांत लावला, भूल नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी कामावर. ऑपरेशन म्हणजे महिनाभराची शिक्षा, आणि मूळव्याध शेवटी परत येतोच.

सुधीर (सर्जन): प्रकाशराव, तुम्हाला दुखलं नाही, कारण बँड योग्य उंचीवर बसला. गुदमार्गात आत एक रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला आपल्या कातडीसारखी वेदना कळत नाही. बँड त्या रेषेच्या बराच वर लावतात. त्याने कोंबाचा रक्तपुरवठा तुटतो, कोंब सुकतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत बँडसकट गळून पडतो. जागेवर व्रण होतो आणि सैल अस्तर आतल्या थराला चिकटतं. बँड लावताक्षणी कळ मारली तर तो खाली बसलाय, तिथेच काढायला सांगायचं.

पण मेघना, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ग्रेडवर, म्हणजे कोंब किती बाहेर येतात यावर, कमी आणि एका साध्या तपासणीवर जास्त आहे. कोंब आत ढकलल्यावर बाहेर काय उरतं? बाहेरची बाजू जवळपास सपाट झाली तर दुखणं आतलं आहे, बँडला वाव आहे. कातडीचा जाड गोळा बाहेर तसाच राहत असेल तर बँड तिथे पोहोचतच नाही. आतलं सुकेल, बाहेरचं लोंबत राहील आणि पेशंट म्हणेल, बँड फुकट गेला. कोंब आत जातच नसतील तर चर्चा ऑपरेशनचीच.

वैशाली: मी दोन्ही भोगलंय. आधी तीन वेळा बँड, प्रत्येक वेळी महिना-दीड महिन्याच्या अंतराने. रक्त थांबलं, पण बाहेरचा गोळा होता तिथेच होता. शेवटी ऑपरेशन. पहिल्या शौचाला मी दाराची कडी धरून रडले, खोटं कशाला सांगू! रात्री लघवी अडली म्हणून नळी घालावी लागली. दिवसातून तीनदा कोमट पाण्यात बसायचं, शौच मऊ ठेवायचं औषध न चुकता. तिसऱ्या आठवड्यात नीट बसता आलं. त्याला सहा वर्षं झाली. मला कुणी विचारलं तर मी पहिल्याच दिवशी ऑपरेशन सांगेन.

नितीन: मला परवापासून गुदद्वाराच्या कडेला निळसर, टणक गाठ आहे. बसता येत नाही. बँड लावला तर लगेच आराम पडेल का?

सुधीर (सर्जन): नितीन, तिथे बँड अजिबात नाही. वर्णनावरून कातडीखाली रक्त गोठलेलं दिसतंय, पण आज कुणाला तरी दाखवा. पहिल्या तीन दिवसांत भूल देऊन ती गाठ काढली तर लवकर मोकळं वाटतं. त्यानंतर बहुधा ती आपोआप ओसरते.

वैशालीताई, तुमच्या बाबतीत ऑपरेशन बरोबरच होतं, बाहेरचा गोळा होता ना. सगळ्यांना ते लागू नाही.

प्रकाश: म्हणजे बाहेर काही नसेल तर माझंच खरं!

सुधीर (सर्जन): अर्धं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, एकदा बँड लावलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना वर्षभरात पुन्हा तक्रार होती. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्रेडचे रुग्ण होते. पुन्हा बँड लावता येतो, पण ‘एकदा लावला, सुटलो’ असं नाही. ऑपरेशनने पुन्हा होण्याचं प्रमाण कमी, किंमत मात्र दोन-चार आठवड्यांच्या दुखण्याची. कोंबांच्या मधली कातडी जपली नाही तर मार्ग आक्रसू शकतो.

वैशाली: तीन खेपा घालून पुन्हा ऑपरेशनच, त्यापेक्षा एकदाच सोसावं. मला हे पटत नाही.

सुधीर (सर्जन): ज्यांचं बँडने भागतं त्यांना का सोसायला लावायचं? इथे आपलं जमणार नाही. मेघना, दोन गोष्टी मात्र टाळू नका. या वयात रक्त जातंय तर मूळव्याध दिसला तरी कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याबद्दल, विचारा. आणि बँडनंतर दुखणं वाढत जाऊन ताप आला, लघवी अडली, तर रात्र काढायची नाही, थेट हॉस्पिटल. हे क्वचित होतं, पण जंतुसंसर्ग जिवावर बेततो.

मेघना: बाहेर सुपारीएवढं कायम असतं म्हणाले बाबा. आणि एक सांगायचं राहिलं, स्टेंटनंतर ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात.

सुधीर (सर्जन): हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. बँड गळताना, साधारण दुसऱ्या आठवड्यात, रक्तस्राव होऊ शकतो. ऑपरेशननंतरही तोच काळ नाजूक. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, स्टेंट बंद पडू शकतो. हृदयाच्या डॉक्टरांना आणि सर्जनना एकमेकांशी बोलायला लावा. स्टेंट कधी घातला?

मेघना: चार महिन्यांपूर्वी.

सुधीर (सर्जन): मग बँड की ऑपरेशन याच्या आधी ‘आत्ताच की नंतर’ हे त्यांना विचारा.