मदत हवी आहे: दोन मुळांच्या मध्ये विकलजाचे मूळ का असतेच?

निळीशाई: x^5 − 5x + 1 = 0 ला वास्तव मुळे किती, असा प्रश्न आहे. उत्तरात म्हटलंय की विकलज 5x^4 − 5 फक्त 1 आणि −1 लाच शून्य होतो, म्हणून मुळे तीनपेक्षा जास्त नाहीत. रोलचं प्रमेय वापरलंय हे कळलं, पण ते खरं का आहे हे मला मनापासून पटायला हवंय.

वक्ररेषा: a आणि b ही लागोपाठची मुळे घ्या. मधल्या भागात बहुपदी शून्य नाही, म्हणजे ती सगळीकडे धन किंवा सगळीकडे ऋण. धन आहे असं धरू. दोन्ही टोकांना शून्य आणि मध्ये धन, तर सर्वांत मोठी किंमत आतच कुठेतरी मिळणार. त्या बिंदूच्या डावीकडून आलेल्या छेदिकांचे चढ शून्य किंवा धन, उजवीकडच्यांचे शून्य किंवा ऋण. विकलज दोन्हींची सीमा आहे, म्हणून तो शून्यच. ऋण असेल तर हेच सर्वांत लहान किमतीसाठी. आता मोजणी: चार मुळे असती तर मधल्या तीन फटींत विकलजाला तीन वेगळी मुळे लागली असती. आहेत दोनच.

सरळमार्गी: थोडक्यात, विकलजाच्या मुळांत एक मिळवा. झालं उत्तर.

वक्ररेषा: नाही, ती फक्त वरची मर्यादा. x^5 − 5x + 7 बघा. विकलज तोच, पण −1 ला किंमत 11 आणि 1 ला 3. दोन्ही धन, म्हणून −1 च्या उजवीकडे आलेख अक्षाला शिवतच नाही. मूळ एकच, −1 च्या डावीकडे. तुमच्या + 1 मध्ये मात्र −2, −1, 1, 2 ला किमती −21, 5, −3, 23 येतात. चिन्ह तीनदा बदलतं, म्हणून मुळे बरोबर तीन. विकलजाच्या मुळांपाशी चिन्हं पाहिल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही.

पाटीपेन्सिल: माझ्याकडे उलटं घडलं! 1/x^2 − 1 ला 1 आणि −1 ही मुळे आहेत, पण विकलज −2/x^3 कधीच शून्य होत नाही. म्हणजे नियम नेहमी चालत नाही ना?

वक्ररेषा: ही बहुपदी नाही. 0 ला फलच नाही आणि त्याच्या जवळ किंमत कितीही वाढते, म्हणून सर्वांत मोठी किंमत मिळतच नाही. युक्तिवाद नेमका तिथे तुटतो.

निळीशाई: हे वाचून प्रमेय पटलं, आभार! मग + 4 घेतलं. 1 ला किंमत शून्य आणि विकलजही शून्य. आलेख तिथे अक्षाला टेकून परत वर जातो. डावीकडे −1 च्या पलीकडे आणखी एक मूळ. आता मुळे दोन म्हणायची की तीन?

सरळमार्गी: दोन. बिंदू दोनच आहेत.

वक्ररेषा: मी तीन म्हणेन. (x − 1) दोनदा भाग देतो, म्हणून 1 दोनदा मोजतो. प्रश्नात 'भिन्न मुळे' असा शब्द आहे का?

निळीशाई: नाही, नुसतं 'वास्तव मुळे' लिहिलंय.