मदत हवी आहे: भंगारात दिलेल्या गाडीचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर वापरता येतं का?

नमस्कार मंडळी. बाबांच्या नावावर २००७ ची पेट्रोल कार आहे. इंजिन गेलंय, म्हणून ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यायचं ठरवलं आहे. गल्लीतला भंगारवाला जास्त पैसे देतोय, पण त्याच्याकडून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी स्क्रॅपिंगसाठी जमा केल्याचं प्रमाणपत्र, मिळणार नाही आणि आरसी बाबांच्याच नावावर जिवंत राहील. उद्या त्या नंबरची गाडी कुठे सापडली तर निस्तरायचं त्यांनीच, म्हणून तो पर्याय मी सोडला.

बँकेचा बोजा उतरवला, जुनी चलनंही भरली.

अडचण पुढे आहे. नवी गाडी माझ्या पत्नीच्या नावावर घेणार आहोत. हे प्रमाणपत्र हस्तांतरित होतं आणि त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं, खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्येही सवलत मिळते, एवढं वाचलंय. केंद्राच्या नियमात ती कमाल २५ टक्के आहे. प्रत्यक्ष दर राज्य ठरवतं.

महाराष्ट्रात कुणी असं घरातल्या घरात हस्तांतर करून सवलत घेतली आहे का? आरटीओने काय कागद मागितले? या प्रमाणपत्रावर मिळणारी कार कंपनीची सूट शोरूमने बिलात वेगळी दाखवली का? नाहीतर नवी गाडीही बाबांच्याच नावावर घ्यावी लागेल, आणि ते ७८ वर्षांचे आहेत.